सकाळच्या मॅनेजरसाठी नाइट ऑडिटची नोंद: नो-शो, रूम चेंज आणि गल्ल्यातला फरक

नाइट ऑडिट, म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब बंद करण्याचं काम, संपलं की हॉटेलचं सॉफ्टवेअर, म्हणजे पीएमएस, आपोआप पंधरा-वीस रिपोर्ट काढून देतं. त्यात किती खोल्या भरल्या, किती भाडं लागलं, किती पैसे आले, सगळं असतं. तरीही सकाळी साडेसहा-सातला आलेला मॅनेजर आधी हातात घेतो तो तुमच्या हाताने लिहिलेला एक कागद. रिपोर्ट सांगतो की दोन नो-शो झाले, म्हणजे बुकिंग करूनही दोन पाहुणे आले नाहीत. त्यातल्या एकाची आजची आणि उद्याची रात्र अजून बाकी आहे, ती खोली राखायची की विकायची, हे रिपोर्ट सांगत नाही. रिपोर्टमध्ये खोली ३०९ भरलेली दिसते. तिथल्या पाहुण्याचे कपडे लॉन्ड्रीत २१४ च्या चिठ्ठीने पडलेत, हे त्यात कुठेच नसतं. ही नोंद अशा गोष्टींसाठी असते. ती कशी तयार करायची आणि प्रत्येक ओळ लिहिण्याआधी काय तपासायचं, हे नव्याने नाइट ड्युटी घेणाऱ्यांसाठी इथे दिलं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून पुण्यातलं एक ४८ खोल्यांचं बिझनेस हॉटेल धरू. रेस्टॉरंट एक, रिसेप्शनचा गल्ला एक, दिवस बंद करण्याची वेळ रात्री अडीच. तारीख १४ नोव्हेंबर. आकडे नमुन्याचे आहेत, पण एकमेकांशी जुळणारे आहेत, म्हणजे पेन घेऊन ताळा करून बघता येईल.

नोंदीचा साचा

प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: काय झालं, किती वाजता, सिस्टीममध्ये आत्ता काय स्थिती आहे आणि आता कोणी काय करायचं बाकी आहे. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. ‘२१४ चा एसी गळतो’ एवढंच लिहिलं तर मॅनेजरला मेंटेनन्सला विचारावं लागतं, मेंटेनन्स म्हणतं आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि यातच नऊ वाजतात. ‘२१४ चा एसी गळतो, तक्रार रजिस्टरमध्ये लिहिली, टेक्निशियन सकाळी ८ ला येणार, तोवर खोली विक्रीतून काढली आहे’ असं लिहिलं की कुणाला फोन करावा लागत नाही.

नोंद एका पानात बसवा. पान भरत नसेल तर उत्तमच. सगळं ठीक असलेल्या ३१ खोल्यांविषयी लिहू नका. ज्या गोष्टीला घड्याळ लागलेलं आहे, म्हणजे सकाळी ठरावीक वेळेच्या आत जिचा निर्णय किंवा काम व्हायला हवं, ती सगळ्यात वर. नो-शो आधी, मग रूम चेंज, मग रोकड, असा ठरलेला क्रम पाळायचा मोह होतो, पण पहाटे सहाचा वेक-अप कॉल चुकीच्या खोलीत जाणार असेल तर ती ओळ पहिली येते.

कच्ची नोंद दिवस बंद करण्याआधीच सुरू करा. आकडे दिवस बंद झाल्यावर भरा, कारण शेवटच्या अर्ध्या तासात दुरुस्त्या होतात आणि आधी लिहिलेला आकडा शिळा होतो.

पहिली पायरी: खोल्यांचा ताळा

नो-शोकडे वळण्याआधी खोल्यांची साधी बेरीज करा. आदल्या दिवसापासून राहणारे १७. आज येणं अपेक्षित होते १९. त्यातले १५ आले, एकाने दुपारीच रीतसर रद्द केलं, उरले ३. बुकिंगशिवाय थेट आलेले २. म्हणजे आत्ता प्रत्यक्ष भरलेल्या खोल्या १७ अधिक १५ अधिक २, एकूण ३४. पीएमएसही ३४ म्हणत असेल तर पुढे चला. आकडा वेगळा असेल तर नो-शो लावायला हात घालू नका, आधी हाउसकीपिंगची संध्याकाळची यादी समोर घेऊन खोली-खोली जुळवा. बहुतेक वेळा कुणीतरी खोलीची चावी देऊन चेक-इन करायचं विसरलेलं असतं, किंवा चेक-आउट झालेला पाहुणा सिस्टीममध्ये अजून राहतोच आहे.

आता प्रश्न त्या उरलेल्या तिघांचा.

दुसरी पायरी: नो-शो ठरवण्याआधी

पाहुणा आला नाही आणि पाहुणा सापडला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीतलं नाव उरलं म्हणून लगेच नो-शो लावला तर महिन्यातून एखादा तरी असा निघतो की जो वर खोलीत झोपलेला आहे. बुकिंग मित्राच्या किंवा ऑफिसमधल्या मदतनिसाच्या नावाने होतं, रिसेप्शनला ते सापडलं नाही, त्यांनी त्याला थेट आलेला समजून नवी नोंद केली. आपल्या दोन थेट आलेल्या पाहुण्यांकडे म्हणूनच आधी बघायचं: त्यांचा मोबाइल नंबर उरलेल्या तीन बुकिंगपैकी कुठल्याशी जुळतो का? कंपनी एकच आहे का? भाडं तेवढंच सांगितलं गेलं का? यानंतर एकाच नावाची दोन बुकिंग आहेत का ते बघा. बुकिंग साइटवर पैसे भरताना अडकलं की लोक पुन्हा बुक करतात आणि पहिलं तसंच राहतं.

मग फोन. पहिला रात्री साडेदहाच्या आत, दुसरा साडेबाराच्या सुमारास. अकराला ड्युटीवर येणाऱ्याने पहिला फोन संध्याकाळच्या शिफ्टने केला का, हे हॅन्डओव्हर घेतानाच विचारायचं. फोनची वेळ आणि काय झालं ते लिहून ठेवा: उचलला नाही, बंद होता, ‘निघालोय’ म्हणाले. पुढे पैशांवरून वाद झाला तर हॉटेलकडे हीच नोंद असते. दीडनंतर पाहुण्याला फोन करू नये. झोपेतून उठून ‘मी तर कालच रद्द केलं’ असं म्हणणारा माणूस पुन्हा तुमच्याकडे बुकिंग करत नाही.

आपल्या तीन बुकिंगचं काय झालं ते बघू, कारण तिन्हींचा प्रकार वेगळा आहे.

पहिलं बुकिंग साइटवरून आलेलं, एका रात्रीचं, पैसे हॉटेलात द्यायचे, कार्ड दिलेलं नाही. दोन्ही फोन उचलले गेले नाहीत. हा साधा नो-शो. वसूल करण्यासारखं काही नाही, पण काम मात्र आहे: साइटच्या पोर्टलवर हा पाहुणा आला नाही असं तिच्या मुदतीच्या आत नोंदवायला हवं. नाही नोंदवलं तर साइट तो मुक्काम झाला असं धरून कमिशन लावते. पीएमएसमध्ये नो-शो लावला म्हणजे साइटला कळलं, असं गृहीत धरू नका. कित्येक ठिकाणी ही खबर पीएमएस आणि साइट यांना जोडणाऱ्या चॅनल मॅनेजरमधून पुढे जातच नाही. पोर्टलचा पासवर्ड रात्रीच्या माणसाकडे असेल तर रात्रीच करा आणि ‘केलं’ असं लिहा. नसेल तर ‘पोर्टलवर नोंद बाकी’ असं स्पष्ट लिहा.

दुसरं थेट हॉटेलकडे केलेलं, तीन रात्रींचं. खोलीचं भाडं ४,००० आणि ५ टक्के जीएसटी धरून एका रात्रीचे ४,२०० रुपये आगाऊ भरलेले. फोन बंद. इथे नवा माणूस दोन चुका करतो. एक, तो पूर्ण बुकिंग उडवतो, मग उरलेल्या दोन रात्रींसाठी खोली विक्रीला मोकळी होते आणि दुपारी पाहुणा बॅग घेऊन दारात येतो. दोन, तो आगाऊ रक्कम लगेच नो-शो चार्ज म्हणून लावून टाकतो. आगाऊ रक्कम आहे तिथे आगाऊ खात्यातच राहू द्या. ती जप्त करायची, पुढच्या तारखेला वळवायची की परत द्यायची, हा निर्णय मॅनेजरचा. तुम्ही फक्त पहिल्या रात्रीचा नो-शो, उरलेल्या दोन रात्री राखून ठेवलेल्या, असं करून पुढे जायचं. तुमच्या सिस्टीममध्ये एका रात्रीपुरता नो-शो लावता येत नसेल तर येण्याची तारीख १५ करा आणि तसं केल्याचं लिहा. नाहीतर सकाळी यादीत तो आजचा नवा पाहुणा म्हणून दिसेल आणि काल तो आलाच नाही हे कुणाला कळणारही नाही.

जीएसटीबद्दल एवढं लक्षात ठेवा. जप्त केलेली रक्कम करमुक्त नसते. ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकानुसार (क्र. १७८) अशा रकमेला मूळ सेवेचाच दर लागतो. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ५ टक्के आहे, त्याहून जास्त भाड्याला १८. म्हणून नोंदीत ‘४,२०० करासहित’ असं लिहा, नुसतं ‘४,२००’ नको.

तिसरं कंपनीचं बुकिंग, बिल कंपनी भरणार, पत्र आलेलं. पाहुण्याने ११:५० ला स्वतः फोन करून सांगितलं की विमानाला उशीर आहे, साडेचारपर्यंत पोहोचतो. हा नो-शो नाही, पण सिस्टीम मात्र १४ तारखेचा दिवस बंद करताना त्याला यादीत तसंच राहू देत नाही. तारीख १५ करावी तर एका रात्रीचं भाडं बुडतं, आणि खोली तर त्याच्यासाठीच रात्रभर रिकामी ठेवलेली. ज्याची हमी लेखी आहे आणि जो येणार हे पक्कं आहे, अशा पाहुण्याचं चेक-इन दिवस बंद करण्याआधी सिस्टीममध्ये करून ठेवायची पद्धत पुष्कळ हॉटेलांत आहे. तुमच्याकडे तिला मॅनेजरची मंजुरी असेल तरच करा. केलं तर चावी बनवू नका आणि नोंदीत ठळक लिहा: खोली ३०५ सिस्टीममध्ये भरलेली, पाहुणा अजून आलेला नाही. मधल्या काळात आगीचा अलार्म वाजला तर सिस्टीमच्या यादीवरून माणसं मोजली जातात. ३०५ मधला माणूस शोधायला कुणी धुरात जाता कामा नये.

म्हणजे दिवस बंद करताना सिस्टीममध्ये ३५ खोल्या भरलेल्या, प्रत्यक्षात ३४. हा एकाचा फरक नोंदीत दिसलाच पाहिजे.

दिवस बंद झाल्यावर नो-शो लावलेला पाहुणा पहाटे आलाच तर? बऱ्याच सिस्टीममध्ये तारीख पुढे गेली की नो-शो मागे घेता येत नाही. नवी नोंद करावी लागते. अशा वेळी जुन्या बुकिंगचा क्रमांक नव्याच्या शेऱ्यात लिहा, आगाऊ रक्कम असेल तर ती आपोआप नव्या फोलिओवर, म्हणजे पाहुण्याच्या बिलाच्या खात्यावर, येत नाही हे ध्यानात ठेवा, आणि भाडं जुन्याच दराने लावा. रात्रीचा थेट दर लावला तर सकाळी भांडण ठरलेलं.

तिसरी पायरी: रूम चेंज

रूम चेंजमध्ये पाहुणा दोन मिनिटांत हलतो. त्याच्या मागे राहिलेल्या गोष्टी मात्र एक-एक करून हलवाव्या लागतात. आपल्या रात्रीत दोन बदल झाले. ११२ मधल्या पाहुण्याला लिफ्टचा आवाज येत होता, ११८ दिली, श्रेणी तीच, भाडं तेच. याला एक ओळ पुरे. दुसरा बदल २१४ मधून ३०९ मध्ये, १०:४० ला, एसीतून पाणी गळत होतं म्हणून. ३०९ वरच्या श्रेणीची आहे, भाडं ४,८०० ची. ड्युटी मॅनेजरने फोनवर १०:३५ ला मंजुरी दिली की भाडं ४,००० च राहील.

इथे पहिली तपासणी भाड्याची. सिस्टीममध्ये खोली बदलताना काही वेळा दरही नव्या श्रेणीचा होऊन बसतो. दिवस बंद करण्याआधी भाड्याची यादी काढा आणि बदललेल्या खोल्यांसमोरचा आकडा डोळ्याने वाचा. नाही वाचला तर ३०९ ला ४,८०० लागतील, म्हणजे करासहित ८४० रुपये जादा, आणि ते चेक-आउटच्या रांगेत पाहुण्याच्याच लक्षात येतील. कुणी आणि किती वाजता मंजुरी दिली, हे नोंदीत नसेल तर अकाउंट्सवाले आठवड्याने विचारतील की वरची खोली स्वस्तात का दिली.

दुसरी तपासणी जुन्या खोलीच्या चावीची. साध्या कार्डच्या कुलपात जुनं कार्ड सहसा दोनच गोष्टींनी बाद होतं: त्यातली चेक-आउटची वेळ उलटली, किंवा त्याच दाराला नवं कार्ड लावलं गेलं. सिस्टीममध्ये पाहुणा हलला म्हणून २१४ चं दार त्याचं कार्ड नाकारत नाही. पाहुण्याने दोनपैकी एकच कार्ड परत दिलं असेल तर २१४ साठी नवं कार्ड बनवा, वर जाऊन दाराला एकदा लावा आणि मगच ‘जुनं कार्ड बाद केलं’ असं लिहा.

तिसरी, जुन्या खोलीच्या नंबराला चिकटलेल्या गोष्टी. वेक-अप कॉल टेलिफोन एक्स्चेंजमध्ये २१४ वर लावलेला आहे, एक्स्चेंज आणि पीएमएस जोडलेले नसतील तर तो रिकाम्या खोलीतच वाजेल. लॉन्ड्रीच्या चिठ्ठीवर २१४. सकाळच्या टॅक्सीच्या वहीत २१४. नाश्त्याच्या यादीत २१४. या चार जागा फिरून नंबर बदला. फिरलात की नोंदीत ‘वेक-अप, लॉन्ड्री, टॅक्सी, नाश्ता बदललं’ एवढे शब्द पुरतात. एखादी जागा बंद होती, उदाहरणार्थ लॉन्ड्रीला कुलूप, तर ती बाकी म्हणून लिहा.

जुन्या खोलीची स्थितीही सांगा. २१४ मध्ये पाहुणा दोन तास होता, पलंग वापरलेला, टॉवेल वापरलेले, म्हणजे खोली अस्वच्छ, आणि एसीमुळे विक्रीतून काढलेली. नुसती ‘रिकामी’ दिसली तर सकाळी लवकर आलेल्या पाहुण्याला तीच दिली जाते. आता ४८ मधून सिस्टीममधल्या ३५ वजा केल्या की १३, त्यातून २१४ वजा, म्हणजे विकण्याजोग्या खोल्या १२. सकाळच्या मॅनेजरला हा आकडा तयार मिळाला तर तो पहिल्या दहा मिनिटांतच लवकर आलेल्यांचं काय करायचं ते ठरवू शकतो.

आणि चौथी तपासणी रेस्टॉरंटची. पाहुणा खोली बदलून जेवायला खाली गेला की वेटरला सवयीने जुनाच नंबर सांगतो. त्याचं काय होतं ते आता गल्ला मोजताना दिसेल.

चौथी पायरी: रोकड

आधी एक नियम. गल्ला मोजायच्या आधी सिस्टीमचा अपेक्षित आकडा बघू नका. आकडा माहीत असला की हात तिथपर्यंतच मोजतो. दोघांनी मोजा, नोटांच्या प्रकारानुसार लिहा, सही करा आणि मगच रिपोर्ट उघडा.

आपल्या गल्ल्यात निघालं: ५०० च्या ६२, २०० च्या ११, १०० च्या १४, ५० च्या ६, २० च्या ५, १० च्या ८. एकूण ३५,०८०.

सिस्टीमप्रमाणे असायला हवं होतं असं: सुट्यांसाठी गल्ल्यात सुरुवातीला ठेवलेली रोकड म्हणजे फ्लोट १०,०००, रिसेप्शनला आलेली रोकड २१,६००, रेस्टॉरंटची जमा ९,३४०. यातून परत दिलेली अनामत २,००० आणि पाहुण्याच्या टॅक्सीला दिलेले ६५० वजा. उरले ३८,२९०. म्हणजे तूट ३,२१० रुपयांची.

इथे घाबरून पुन्हा-पुन्हा नोटा मोजण्यात अर्धा तास जातो. दुसऱ्यांदा मोजून तोच आकडा आला की नोटा सोडा आणि कागदांकडे वळा. सगळ्यात आधी परत दिलेल्या आणि खर्चाच्या व्हाउचरवर पाहुण्याच्या सह्या आहेत का ते बघा. मग तीन ठिकाणं तपासा.

पहिलं ठिकाण, रोख म्हणून लागलेली यूपीआय. सिस्टीममध्ये यूपीआयची जमा ४६,३००. बँकेच्या ॲपमध्ये मात्र ४८,४००. म्हणजे तिकडे २,१०० जास्त आणि इकडे रोकड कमी. यादी बघितली तर खोली ११० च्या चेक-आउटचे २,१०० बँकेत ७:११ ला आलेत आणि सिस्टीममध्ये ७:१२ ला ‘रोख’ म्हणून लागलेत. चुकीचं बटण दाबलं गेलं, एवढंच. मात्र ही तुलना करताना बँकेची यादी रात्री बारा ते बारा अशी घेऊ नका. हॉटेलचा दिवस अडीचला संपतो, बँकेचा बाराला. १४ तारखेच्या यादीत या दिवसाचे ४५,१५० दिसतात, उरलेले ३,२५० मध्यरात्रीनंतर आले म्हणून ते १५ च्या यादीत आहेत. आणि १४ च्या पहाटे आलेले पैसे आदल्या दिवसाचे, ते यात धरायचे नाहीत. काल दिवस बंद झाला त्या मिनिटापासून आज बंद होईपर्यंत, अशीच यादी घ्या. कार्डच्या मशीनलाही हेच लागू: बॅच आपोआप रात्री अकराला बंद होत असेल तर त्यानंतरचे स्वाइप दुसऱ्या बॅचमध्ये असतात. आणि पाहुण्याच्या मोबाइलमधला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नाही, बँकेत दिसले तरच आले.

दुसरं ठिकाण, रेस्टॉरंटची रोख बिलं. एक-एक बिल हातात घेऊन बघा. त्यात ८६० रुपयांचं एक बिल ‘रोख’ म्हणून बंद झालंय, पण त्याला पाहुण्याची सही असलेली चिठ्ठी टाचलेली आहे आणि तिच्यावर २१४ लिहिलंय. रोख पैसे देणारा पाहुणा बिलावर खोलीचा नंबर घालून सही करत नाही. घडलं ते असं: पाहुण्याने जुना नंबर सांगितला, २१४ रिकामी असल्यामुळे मशीनने बिल खोलीवर घेतलं नाही, रेस्टॉरंट बंद करायची घाई होती, ते रोखीत बंद केलं. हे ८६० खोली ३०९ च्या फोलिओवर जायला हवेत. नशीब म्हणजे २१४ रिकामी होती. ती दुसऱ्या कुणाला दिली असती तर बिल गुपचूप त्याच्या फोलिओवर बसलं असतं, गल्ला बरोबर जुळला असता आणि चूक सकाळी भलत्याच पाहुण्याने शोधली असती. म्हणून गल्ला जुळला तरी बदललेल्या खोल्यांच्या रेस्टॉरंट चिठ्ठ्या बघायच्याच.

तिसरं ठिकाण, आकड्यांची अदलाबदल. उरलेल्या फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर दोन अंकांची जागा बदलली असण्याची शक्यता असते. ३,१५० ऐवजी ३,५१० लागले तर फरक ३६०, म्हणजे नऊ चाळीस. २,१०० आणि ८६० वजा केल्यावर आपल्याकडे उरतात २५०. याला ९ ने भाग जात नाही. निम्मे केले तर १२५, तेवढ्या रकमेची एखादी नोंद खर्चाऐवजी जमेत गेली का तेही बघा. नाही सापडली. म्हणजे २५० ची तूट खरी आणि कारण अज्ञात. तिथे थांबा.

दुरुस्ती दिवस बंद करण्याआधी करायची असते आणि ज्याच्या नावाने नोंद आहे त्याच्या किंवा ड्युटी मॅनेजरच्या माहितीने. पैसे कोणत्या मार्गाने आले एवढंच बदलायचं, बिलाची रक्कम आणि क्रमांक तसेच. दुसऱ्याच्या लॉगिनने दुरुस्ती करू नका, दिवस बंद झाल्यावर तर जुन्या तारखेत अजिबात नाही, ती दुसऱ्या दिवशीची समायोजनाची नोंद होते.

उरलेले २५० खिशातून घालून गल्ला जुळवू नका. सुटे दिल्यातली ती चूक असेल तर उद्या कुणीतरी सांगेल, पण पैसे घातले की ती शोधायची वाटच बंद होते. जादा निघाले तर तेही बाजूला ‘उद्यासाठी’ ठेवू नका. तूट आणि जादा दोन्ही त्याच दिवशी, आहे तेवढी लिहा. ‘सुमारे’ हा शब्द रोकडीच्या ओळीत चालत नाही. कुणी चूक केली याचा अंदाजही नको. शिफ्ट, काउंटर, रक्कम आणि मोजताना कोण हजर होतं, एवढंच लिहायचं.

तयार नोंद

हे सगळं झाल्यावर कागदावर काय उतरतं ते बघा. पाहुण्यांची आडनावं इथे गाळली आहेत, खऱ्या नोंदीत खोलीसोबत आडनाव हवं. नंबर ऐकण्यात चूक झाली तरी नाव सावरून घेतं.

नाइट ऑडिट, तारीख १४ नोव्हेंबर. दिवस बंद: २:४०.

सकाळी आधी:
१. खोली ३०९ (आधी २१४): वेक-अप ५:४५ नव्या खोलीवर लावला. टॅक्सी ६:३०, नाश्त्याची यादी बदलली. लॉन्ड्रीला कुलूप होतं, चिठ्ठीवर अजून २१४ आहे. सकाळची शिफ्ट ७ ला तो नंबर बदलेल.
२. तीन रात्रींचं थेट बुकिंग, पहिल्या रात्री आले नाहीत. फोन १०:२० आणि १२:३५ ला बंद. आगाऊ ४,२०० करासहित, खात्यात तसेच. आज-उद्याची खोली राखलेली. निर्णय हवा: खोली किती वाजेपर्यंत राखायची, आगाऊ रकमेचं काय.
३. बुकिंग साइट, एक रात्र, कार्ड नाही: नो-शो लावला २:१०. साइटच्या पोर्टलवर नोंद बाकी, रिझर्व्हेशनने आज दुपारपर्यंत करावी.

खोल्या: सिस्टीममध्ये ३५, प्रत्यक्ष ३४. फरक खोली ३०५, कंपनीचे पाहुणे, विमानाला उशीर, चेक-इन मंजुरीने आधी केलं, चावी दिलेली नाही. विकण्याजोग्या १२.

रूम चेंज: २१४ ते ३०९, १०:४० रात्री, एसी गळती, भाडं ४,००० कायम, मंजुरी ड्युटी मॅनेजर १०:३५. एक कार्ड परत आलं नाही, दार नव्या कार्डने बंद केलं. २१४ अस्वच्छ, विक्रीतून बाहेर, टेक्निशियन ८ ला. ११२ ते ११८, आवाज, भाड्यात बदल नाही.

रोकड: अपेक्षित ३८,२९०, मोजली ३५,०८०, तूट ३,२१०. त्यातले २,१०० खोली ११० ची यूपीआय रोखीत लागली होती, ८६० खोली ३०९ चं जेवण रोखीत बंद झालं होतं, दोन्ही दुरुस्त २:०५, ड्युटी मॅनेजरच्या माहितीने. उरलेली तूट २५०, कारण सापडलं नाही. मोजताना संध्याकाळचे कॅशिअर व सुरक्षारक्षक हजर, सह्या मोजणीच्या कागदावर. फ्लोट १०,००० ठेवला, पाकीट २५,०८० तिजोरीत, १:४०.

ज्या आकड्यांचा फरक होता आणि मिटला, तेही नोंदीत ठेवलेत, कारण सकाळी अकाउंट्सला रिपोर्टमध्ये दोन उलट्या नोंदी दिसतील आणि त्या का आहेत हे त्यांना याच कागदावरून कळेल.

एक बारकावा. पाकिटाची वेळ १:४० आहे आणि दुरुस्ती २:०५ ची, म्हणजे रोकड आधी सीलबंद झाली आणि कागद नंतर सुधारले. क्रम असाच असावा. सिस्टीम सुधारल्यावर पाकीट भरलं गेलं असेल तर मोजणीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

पहाटेची भर

नोंद तीनच्या सुमारास पूर्ण होते, पण मॅनेजर येईपर्यंत साडेतीन तास उरतात. त्यात घडलेलं वरच्या ओळी खोडून लिहू नका. खाली वेळ घालून नवी ओळ घाला: ‘४:५०: खोली ३०५ चे पाहुणे आले, चावी दिली, प्रत्यक्ष आता ३५.’ वरची ओळ तशीच राहिली की तीन ते पाच या वेळात सिस्टीम आणि प्रत्यक्ष यांत फरक होता, हे नंतरही दिसतं.

नोंद ग्रुपवर टाकायची पद्धत असेल तर पाहुण्याचे मोबाइल नंबर आणि आडनावं काढून टाका. कार्डचा नंबर तर कागदावरही लिहायचा नाही, फार तर शेवटचे चार अंक. पूर्ण नोंद लॉगबुकमध्ये, मोजणीचा सही केलेला कागद आणि २१४ लिहिलेली ती चिठ्ठी तिला टाचून. मॅनेजर आल्यावर पहिल्या तीन ओळी तोंडी सांगा आणि त्यांची सही वेळेसकट घ्या. आडनिडी वेळ झाली, मॅनेजर उशिरा आला, तर सकाळच्या रिसेप्शनवाल्याची सही घ्या आणि लॉन्ड्रीची ओळ त्याला वाचून दाखवा, कारण ३०९ चा पाहुणा साडेसहाच्या टॅक्सीत बसण्याआधी आपले कपडे मागणार आहे. ही नोंद लिहितानाच लक्षात आलं की टॅक्सी ६:३० ची आणि लॉन्ड्री ७ ची, तर ७ खोडून हाउसकीपिंगकडून ६ ला कुलूप उघडून घ्यायचं ठरवा आणि ओळ तशी बदला.